F2 दाबण्याआधीचा फोटो

भाऊबीज झाली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी साडेनऊला विट्याहून अण्णांचा फोटो आला. अण्णांचं तिथं औषधांचं दुकान आहे आणि त्यांचं बिलिंगचं मशीन गेली दहा-बारा वर्षं मी सांगलीतून सांभाळतो. फोटोत निळा पडदा होता. पडद्याच्या मधोमध वरची ट्यूबलाइट आडवी चमकत होती. तिच्या खाली चेक्सच्या शर्टातले अण्णा, डोळ्यांसमोर मोबाइल धरलेले, असे अर्धवट उमटले होते. उरलेल्या जागेत पांढरी अक्षरं होती, पण कडा फुटलेली, पाण्यात भिजलेल्या बिलासारखी. खाली मजकूर: "हे बघा असं येतंय. काय करू?"

असे फोटो मला आठवड्याला पाच-सहा तरी येतात. माणसं फोटो काढतात ही चांगलीच गोष्ट आहे. पूर्वी फोनवर "काहीतरी इंग्लिशमध्ये आलंय" एवढंच कळायचं. अडचण अशी की फोटो बहुतेक वेळा चुकीच्या पडद्याचा असतो, आणि बरोबर पडद्याचा असला तर जी एक ओळ वाचायची तीच त्यात वाचता येत नाही.

फोटोच का काढायचा, आधी ते सांगतो, कारण चांगली शिकलेली माणसंही विचारतात की प्रिंट स्क्रीनचं बटण दाबलं तर चालणार नाही का. नाही चालणार. स्क्रीनशॉट म्हणजे विंडोजनं स्वतःच रंगवलेल्या चित्राची विंडोजनंच काढलेली नक्कल. मशीन सुरू केल्यावर पहिले काही सेकंद विंडोज जागी झालेलीच नसते. तेव्हा पडद्यावर जे दिसतं ते मदरबोर्डवरच्या चिपमधला छोटा प्रोग्रॅम लिहीत असतो, ज्याला आपण बायोस म्हणतो. त्याच्याकडे ना क्लिपबोर्ड, ना फाइल ठेवायला फोल्डर. निळ्या पडद्याची गोष्ट उलटी. तिथं विंडोज चालू होती, पण पुढं गेलो तर डेटाची नासाडी होईल असं तिच्या गाभ्याच्या लक्षात आलं आणि तिनं सगळी कामं जागच्या जागी थांबवली. थांबवलेल्या कामांत स्क्रीनशॉट घेणारा प्रोग्रॅमही आला.

एरवी विंडोज मरता मरता मेमरीचा एक तुकडा डिस्कवर लिहून ठेवते. नंतर मशीन सुरू झालं की `C:\Windows\Minidump` या फोल्डरात तो सापडतो आणि फोटो नसला तरी माग काढता येतो. पण बिघाड डिस्कशी संबंधित असेल तर तो तुकडा लिहायचा कुठे? अण्णांच्या बाबतीत नेमकं तेच झालं होतं. मशीनमध्ये कुठेही काहीही नोंदलं गेलं नव्हतं. पडद्यावर जे उमटलं तेवढाच पुरावा, आणि तोही काही सेकंद टिकणारा.

मी अण्णांना ट्यूबलाइट बंद करून दुसरा फोटो काढायला सांगितला. तो स्वच्छ आला. त्यात लिहिलं होतं: `Automatic Repair couldn't repair your PC`. म्हणजे विंडोजनं स्वतःला दुरुस्त करायचा प्रयत्न केला आणि तो फसला. खाली लॉग फाइलचा पत्ता, `SrtTrail.txt`. दिसायला भारदस्त पडदा, पण यातून काही म्हणजे काही कळत नाही. डिस्क मेली तरी हाच येतो, एखादा अपडेट अर्धवट राहिला तरी हाच. डॉक्टरकडे जाऊन नुसतं "बरं वाटत नाही" म्हणावं, तसं. यायच्या आधी एक खरा निळा पडदा येऊन गेलेला असतो, त्यावर कारणाचं नाव असतं आणि त्याचा फोटो कुणी काढत नाही, कारण तो आला आला म्हणेपर्यंत मशीन रिस्टार्ट होतं.

म्हणून पहिलं काम ते रिस्टार्ट थांबवायचं. त्याच पडद्यावर `Advanced options` असतं. तिथून `Troubleshoot`, पुन्हा `Advanced options`, मग `Startup Settings` आणि `Restart`. मशीन परत सुरू झालं की नऊ पर्यायांची यादी येते, त्यातला नववा `Disable automatic restart after failure`. कीबोर्डवर 9 दाबायचं. आता निळा पडदा आला की तो तिथंच उभा राहतो, तुम्ही बटण दाबून मशीन बंद करेपर्यंत. सावकाश फोटो काढा, चहा घेऊन या, परत काढा.

अण्णांनी 9 दाबलं. तिसरा फोटो आला. पडदा बरोबर होता, पण फोटोवर इंद्रधनुष्यासारखे वाकडेतिकडे पट्टे होते आणि खालची बारीक ओळ त्यांत हरवली होती. इथं जरा थांबून हे पट्टे कुठून येतात ते सांगायला हवं, कारण फोन महागाचा घेतल्यानं ते जात नाहीत.

मॉनिटरचा पडदा म्हणजे बारीक ठिपक्यांची जाळी. मोबाइलच्या कॅमेऱ्यातलं सेन्सरही ठिपक्यांची जाळीच. मच्छरदाणीचे दोन थर एकावर एक धरले की मध्ये लाटा दिसतात ना, तेच इथं होतं. दोन्ही जाळ्या जवळजवळ सारख्या मापाच्या झाल्या की लाटा उठतात. उपाय माप बदलण्याचा. फोन अर्धा फूट मागं घ्या किंवा किंचित तिरका करा, लाटा विरतात. फोनला दुपटीची वेगळी लेन्स असेल तर दोन-अडीच फुटांवर उभं राहून ती वापरावी. फार जवळ जाण्यात तसाही फायदा नसतो. काही फोन अगदी जवळ गेलं की आपणहून रुंद लेन्सवर उडी मारतात आणि ओळी धनुष्यासारख्या वाकतात. एक गंमत मात्र लक्षात ठेवा. कधी कधी लाटा फोटोत नसतातच, फोनच्या छोट्या पडद्यावर फोटो लहान करून दाखवताना तयार होतात. फोटो बोटांनी मोठा करून बघा. मोठा केल्यावर लाटा नाहीशा झाल्या तर फोटो चांगला आहे, उगाच पुसून टाकू नका.

काळे आडवे पट्टे ही वेगळी भानगड. बरेच मॉनिटर उजेड कमी करायचा म्हणजे मागचा दिवा मंद करत नाहीत, तो सेकंदाला शेकडो वेळा चालू-बंद करतात. आपल्या डोळ्याला ते मंद वाटतं. मोबाइलचा कॅमेरा चित्र एकदम टिपत नाही, वरून खाली ओळीओळीनं वाचतो. ज्या ओळी वाचताना दिवा बंद होता त्या काळ्या येतात. मॉनिटरच्या स्वतःच्या बटणानं ब्राइटनेस पूर्ण वाढवला की दिवा बहुधा सतत चालू राहतो आणि पट्टे जातात. हे बटण मॉनिटरचं असतं, त्यामुळे विंडोज मेलेली असली तरी चालतं. एवढ्यावर भागलं नाही तर फोनच्या प्रो मोडमध्ये शटर 1/30 सेकंदावर ठेवावं, म्हणजे एका फोटोत दिव्याची बरीच उघडझाप मिसळून सरासरी उजेड मिळतो. हात मात्र टेबलावर टेकवा.

खरा घोळ काळ्या पडद्यांवर होतो. बायोसचे संदेश काळ्यावर पांढऱ्या अक्षरांत येतात. फोन बघतो की समोर सगळा अंधारच आहे, म्हणून तो बिचारा उजेड वाढवतो. त्यानं काळं राखाडी होतं आणि पांढरी अक्षरं फुगून एकमेकांत मिसळतात. 8 आणि B तेव्हा सारखेच दिसतात. अक्षरांवरच बोट टेकवायचं. शेजारी छोटा सूर्य येतो, तो खाली ओढायचा, अक्षरांच्या कडा तुटक दिसू लागेपर्यंत. फोटो नजरेला काळपट वाटेल, वाटू द्या. आपल्याला तो फ्रेम करून लावायचा नाही. विंडोज 11 मध्ये 2025 साली हा पडदाही निळ्याचा काळा झाला, उदास चेहरा गेला, त्यामुळे हे ओढणं आता तिथंही लागतं.

नाइट मोड बंद ठेवा. तो सेकंद-दोन सेकंदांत घेतलेली अनेक चित्रं एकत्र शिवतो. उभ्या पडद्यावर त्यानं बिघडत नाही, पण ओळी वर सरकत असतील तर दोन ओळी एकमेकींवर छापल्यासारख्या येतात. फ्लॅश तर नकोच. काचेवर पांढरा गोळा उमटतो आणि नेमका मधल्या ओळीवर. आणि आपलं प्रतिबिंब पडत असेल तर मागं कुणाला तरी काळी छत्री धरायला सांगा. हसू नका, दुकानात ती असतेच आणि तिच्याइतकं चांगलं काम दुसरं काही करत नाही.

अण्णांनी हे सगळं केलं नाही. त्यांनी फोन बारावीतल्या मुलीच्या हातात दिला. तिचा फोटो आला तो असा, की त्यात मॉनिटरच्या चारही कडा दिसत होत्या आणि मागोमाग फक्त खालच्या ओळीचा जवळून घेतलेला दुसरा. हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. पहिल्या फोटोवरून कोणता पडदा आहे आणि त्यावर आणखी काय आहे ते कळतं, दुसऱ्यावरून अक्षरं वाचता येतात. ओळ होती:

```
Stop code: INACCESSIBLE_BOOT_DEVICE
```

म्हणजे विंडोजला तिची स्वतःची डिस्कच हाताला लागत नव्हती. जुन्या विंडोजमध्ये हीच गोष्ट `0x0000007B` अशी आकड्यांत यायची.

ही ओळ नावानं आली म्हणून बरं. आकड्यांत असती तर फोटोची परीक्षा आणखी कडक झाली असती. विंडोज सुरू होण्याआधी येणाऱ्या चुकांमध्ये `0xc000000e` आणि `0xc000000f` असे दोन जुळे भाऊ आहेत. पहिल्याचा अर्थ "असं उपकरण नाही", दुसऱ्याचा अर्थ "अशी फाइल नाही". पहिला असेल तर मी केबल आणि डिस्क तपासायला सांगेन, दुसरा असेल तर बूटच्या फाइली नव्यानं लिहायच्या मागं लागेन. दोघांत फरक एका अक्षराचा, आणि तोही e आणि f मधल्या एका वळणाचा. एक गोष्ट मात्र आपल्या बाजूची असते. `0x` नंतर फक्त शून्य ते नऊ आणि a ते f एवढीच चिन्हं येऊ शकतात. म्हणून तिथं O सारखं दिसलं तर ते शून्यच, S सारखं दिसलं तर पाच, आणि l सारखं दिसलं तर एक. पण 8 आणि B, 6 आणि b, e आणि c यांची सोडवणूक फोटोच करू शकतो, म्हणून मी नेहमी फोटोखाली तो आकडा टाइप करूनही मागतो. माणूस समोर बसून वाचतो तेव्हा अंदाज करत नाही. दोन्ही जुळले नाहीत तर परत बघायला सांगतो.

नावाच्या ओळीखाली कधी कधी आणखी एक ओळ येते, `What failed:` अशी, आणि ती कापली गेली तर फोटो निम्मा वाया गेला म्हणून समजा. 19 जुलै 2024 चा शुक्रवार आठवा. जगभरची विमानतळं, बँका, दवाखाने एकाच सकाळी निळे झाले. आपल्याकडे विमानतळांवर हातानं लिहिलेले बोर्डिंग पास दिले गेले. मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानं सुमारे 85 लाख मशिनं होती ती. ज्यांच्या फोटोत फक्त `PAGE_FAULT_IN_NONPAGED_AREA` एवढंच होतं त्यांना मेमरी खराब झाली की ड्रायव्हर, काही कळायला मार्ग नव्हता. ज्यांच्या फोटोत खालची ओळही होती, तिथं स्पष्ट `csagent.sys` लिहिलं होतं. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा सॉफ्टवेअरचा तो ड्रायव्हर. एक ओळ दिसली आणि संशय एका जागी आला.

अण्णांच्या पडद्यावर मात्र ही दुसरी ओळ नव्हती. तिथल्या एका दुरुस्तीवाल्यानं तोच फोटो बघून सांगितलं होतं, की हार्डडिस्क गेली, नवी एसएसडी बसवा, जुन्या डेटाचं बघू निघाला तर. अण्णा हादरले होते. पाच वर्षांची बिलं आणि शेड्यूल एच औषधांचा सगळा हिशोब त्यात. त्या गृहस्थांचं पूर्ण चुकलं असं मी म्हणणार नाही. त्यांना जो पडदा दाखवला त्यावरून हा निष्कर्ष निघू शकतोच. पण चार दिवसांपूर्वी नीट चालणारी डिस्क दुकान बंद असताना कशी गेली, हे मला पटत नव्हतं.

"अण्णा, निळं यायच्या आधी काय येतं?"

"काही नाही. कंपनीचं नाव येतं आणि निळं होतं."

"काल पहिल्यांदा चालू केलं तेव्हाही असंच?"

ते जरा थांबले. "काल काहीतरी काळं आलं होतं. इंग्लिशमध्ये दोन-चार ओळी. F2 दाबलं की पुढं जातं असं लिहिलं होतं, म्हणून दाबलं."

"दिवाळीत मेन स्विच बंद होता?"

"होय की. चार दिवस. लाइटचं काय सांगावं."

अण्णांचं दुकान एरवी कधी बंद नसतं. रात्रीही फ्रिजसाठी मेन चालूच असतो, औषधांचा फ्रिज आहे. या दिवाळीत फ्रिज घरी नेला होता आणि चार दिवस सगळं बंद.

आता मला तो काळा पडदा हवा होता. पण तो परत येत नव्हता, कारण F2 दाबल्यावर मशीननं काहीतरी नवं लिहून घेतलं होतं आणि तेव्हापासून वीज चालू होती. मी मुलीला सांगितलं, "बाळा, मशीन बंद कर. मागची वायर काढ. दहा मिनिटं थांब. मग वायर लावून चालू कर, पण फोटो नको काढूस, व्हिडिओ काढ. आणि कुठलंही बटण दाबायचं नाही."

उभ्या राहणाऱ्या पडद्यासाठी फोटो आणि पळणाऱ्या पडद्यासाठी व्हिडिओ, एवढं साधं आहे. नेहमीच्या व्हिडिओत सेकंदाला 30 चित्रं असतात. एक सेकंदभर चमकून गेलेला संदेश 30 वेळा टिपला जातो, त्यातलं एक तरी स्वच्छ निघतंच. मग व्हिडिओ थांबवत थांबवत त्या चित्राचा स्क्रीनशॉट घ्यायचा. पण व्हिडिओचं चित्र फोटोपेक्षा पुष्कळ लहान असतं. फोटो 12 मेगापिक्सेलचा असेल तर साध्या व्हिडिओचं एक चित्र जेमतेम दोनचं. म्हणून फोनच्या सेटिंगमध्ये फोरके असेल तर ते निवडावं, त्यात ते आठच्या आसपास जातं.

व्हिडिओत हमखास चुकतो तो फोकस. मशीन चालू होताना पडदा दोन-तीनदा पूर्ण काळा होतो. काळोखात कॅमेऱ्याला धरायला काही सापडत नाही, तो पुढं-मागं चाचपडत राहतो आणि त्याचं ठरेपर्यंत संदेश गेलेला असतो. म्हणून मशीन चालू करायच्या आधी मॉनिटरच्या कडेवर, जिथं कंपनीचं नाव छापलेलं असतं तिथं, बोट दाबून धरायचं. फोकस आणि उजेड दोन्ही तिथंच कुलूपबंद होतात. आणखी एक: झोपलेल्या मॉनिटरला जागं व्हायला दोन-तीन सेकंद लागतात आणि पहिला संदेश तेवढ्यात निघून जाऊ शकतो. जुन्या मशीनवर कीबोर्डचं `Pause` बटण दाबलं तर बायोस बऱ्याचदा तिथल्या तिथं थांबतो. व्हिडिओचा न मागितलेला फायदा असा की त्यात आवाजही येतो. मशीनच्या शिट्ट्या किती, लांब की आखूड, हे फोनवर विचारलं तर तीन माणसं तीन आकडे सांगतात.

मुलीचा व्हिडिओ 40 सेकंदांचा होता. सातव्या सेकंदाला हे होतं:

```
CMOS Date/Time Not Set
Press F1 to Run SETUP
Press F2 to load default values and continue
```

इथंच सगळं उलगडलं. मदरबोर्डवर साधारण रुपयाएवढी, चपटी बॅटरी असते, `CR2032` म्हणतात तिला. भिंतीतून वीज येत असते तोवर तिला काम नसतं. वीज तुटली की घड्याळ आणि बायोसच्या सेटिंग ती धरून ठेवते. अण्णांची बॅटरी बहुधा कधीचीच संपली होती, पण मेन कधी बंदच होत नव्हता म्हणून ते उघडकीला आलं नव्हतं. चार दिवस वीज नव्हती आणि मशीन सगळं विसरलं. F2 दाबल्यावर त्यानं कारखान्यातून आलेल्या मूळ सेटिंग भरल्या. त्या जुन्या बोर्डावर डिस्कशी बोलायची मूळ पद्धत आयडीई ही होती. मी विंडोज बसवली होती ती एएचसीआय या पद्धतीवर. डिस्क जागेवर, डेटा जागेवर, फक्त विंडोज एका भाषेत हाक मारतेय आणि बोर्ड दुसरीच बोलतोय. म्हणून डिस्क "हाताला लागत नाही".

खात्रीसाठी F1 दाबून दोन फोटो मागवले. पहिल्यात तारीख होती 2012 सालची एक जानेवारी. दुसऱ्यात `SATA Mode` समोर `IDE`. हे दोन्ही फोटो काही बदलण्याच्या आधी काढून ठेवायचे असतात. एकदा बदललं की आधी काय होतं ते कुणालाच आठवत नाही, मलाही नाही. मग तिनं `IDE` चं `AHCI` केलं, तारीख भरली, F10 दाबलं. विंडोज उघडली. बिलं सगळी होती.

या सगळ्यात एक फोटो दोनदा मागवावा लागला, कारण तिनं तो नेहमीसारखा व्हॉट्सॲपवर टाकला होता. व्हॉट्सॲप साधा फोटो पाठवताना त्याची मोठी बाजू साधारण 1600 ठिपक्यांवर आणतं. बायोसच्या पडद्यावर एका ओळीत 80 अक्षरं असतात, म्हणजे एका अक्षराला वीस ठिपके येतात, चालून जातं. पण पडदा फोटोच्या निम्म्या भागातच असेल तर दहाच उरतात. लिनक्सवाल्यांचं तर विचारू नका. तिथं मोठ्या पडद्यावर एका ओळीत 240 अक्षरंही मावतात, मग वाट्याला येतात सहा-सात ठिपके आणि दिसतात मुंग्या. फोटो निवडताना गॅलरीतून न पाठवता `Document` म्हणून पाठवला की तो जसाच्या तसा जातो.

लिनक्सचा विषय निघालाच आहे तर तिथली अडचण वेगळी आहे. तिथं मशीन कोसळलं की पडद्यावर पन्नास-साठ ओळी धडाधड पडतात आणि वरच्या ओळी वर सरकून नाहीशा होतात. शेवटी उरतं `Kernel panic - not syncing` आणि त्यापुढचं एखादं वाक्य. खरं कारण पुष्कळदा पहिल्या ओळींत असतं, आणि मशीन थिजलेलं असल्यानं मागं सरकवून बघता येत नाही. लिनक्स कर्नलच्या अधिकृत कागदपत्रांतच लिहिलंय, की आधी काही तयारी केली नसेल तर पडद्यावरचं हातानं उतरवून घ्या किंवा डिजिटल कॅमेऱ्यानं फोटो काढा, फार बरं नाही पण काहीच नसण्यापेक्षा बरं. आणि ओळी वर जात असतील तर पडद्याचं रिझोल्यूशन वाढवा म्हणजे जास्त ओळी मावतील. अक्षरं बारीक करून जास्त ओळी मिळवायच्या आणि मग बारीक अक्षरांसाठी फोटो जास्त स्वच्छ काढायचा, असा तो व्यवहार आहे. 2024 च्या शेवटी आलेल्या कर्नल 6.12 पासून मात्र, ती सोय चालू केलेली असेल तर, कोसळताना लिनक्स पडद्यावर एक क्यूआर कोड काढतं आणि त्यात शेवटच्या ओळी दाबून भरलेल्या असतात. फोन रोखला की अक्षर न् अक्षर मजकूर हातात. विंडोजच्या निळ्या पडद्यावरही 2016 पासून क्यूआर कोड होता, पण तो आपला मदतीच्या एका सर्वसाधारण पानावर नेऊन सोडायचा. त्याचा फोटो मला कधीच उपयोगी पडला नाही.

एक पडदा मात्र फोटो काढण्याआधी वाचा. बायोसमध्ये काही बदललं की काही लॅपटॉपवर बिटलॉकरचा पडदा येतो आणि 48 आकडी किल्ली मागतो. त्या पडद्यावर किल्लीची ओळख दिसते, किल्ली नाही, म्हणून त्याचा फोटो पाठवायला हरकत नाही. पण किल्ली लिहिलेल्या कागदाचा किंवा पानाचा फोटो ग्रुपवर टाकणारे मी पाहिलेत. डिस्कचं कुलूप त्या 48 आकड्यांनी उघडतं, मग ते कुणीही भरोत.

संध्याकाळी अण्णांचा फोन आला. बॅटरी मोबाइलच्या दुकानात मिळाली म्हणाले, पन्नासच्या आत. बसवताना वायर काढली होती, म्हणून तो काळा पडदा परत आला.

"मग? F2 दाबलं?"

"छे. पोरीनं हात धरला. म्हणाली, आधी काकांना फोटो."

फोटो आलाच होता. ट्यूबलाइट नव्हती, चारही कडा होत्या, `Document` म्हणून पाठवला होता. एका कोपऱ्यात काळ्या छत्रीची काडी तेवढी दिसत होती.